इतिहासाच्या निबंधातील तळटिपांचे संपादन: पुरावा ठेवावा, अवांतर काढावे

इतिहासाचा निबंध लिहिताना जमवलेली माहिती टाकवत नाही आणि मजकुरातही बसत नाही, तेव्हा ती बहुधा तळटिपेत जाते. वाचक मात्र तळटिपेकडे वेगळ्याच कारणासाठी वळतो. वरच्या वाक्यात केलेले विधान कशावरून केले आणि ते कितपत भरवशाचे आहे, हे त्याला पाहायचे असते. म्हणून तळटिपांचे संपादन भाषेपासून सुरू करू नये. टीप वरच्या कोणत्या विधानाला उत्तर देते, हे आधी शोधावे.

त्यासाठी तळटिपा मूळ जागी वाचण्याऐवजी एका वेगळ्या फाइलमध्ये घ्याव्यात. प्रत्येक टिपेच्या वर तिचे मूळ वाक्य पूर्ण उतरवावे आणि त्यातील पडताळता येईल असा प्रत्येक भाग, म्हणजे तारीख, संख्या, ठिकाण, कारण, अधोरेखित करावा. मग टिपेतील एकेक वाक्य घेऊन ते अधोरेखित भागांपैकी कशाशी जोडता येते ते पाहावे. हे काम कंटाळवाणे वाटले तरी टाळू नये, कारण निबंध सलग वाचताना अवांतर टीप रंजक वाटते आणि तिचा विधानाशी संबंध नाही हे लक्षात येत नाही.

एक उदाहरण घेऊ. लंडनच्या मोठ्या आगीवरील निबंधात असे वाक्य आहे: ‘२ सप्टेंबर १६६६ रोजी पहाटे पुडिंग लेनमधील एका बेकरीत लागलेल्या आगीत सुमारे १३,२०० घरे जळाली.’ त्याखालची टीप अशी आहे:

> रोजनिशीकार सॅम्युअल पीप्स याने या आगीचे जिवंत वर्णन केले आहे. ४ सप्टेंबरला त्याने बागेत खड्डा खणून वाइन आणि पार्मेझान चीज पुरून ठेवले. त्याची रोजनिशी लघुलिपीत असून ती १८२५ मध्ये प्रथम छापली गेली. रॉबर्ट ह्युबर्ट या फ्रेंच माणसाने आग लावल्याची कबुली दिली व त्याला फाशी झाली. पुढे क्रिस्टोफर रेन याने सेंट पॉलचे नवे कॅथेड्रल उभारले. घरांच्या संख्येबद्दल मतभेद आहेत.

मूळ वाक्यात तारीख, ठिकाण आणि संख्या अशा तीन पडताळण्याजोग्या गोष्टी आहेत. टिपेतील सहा वाक्यांपैकी फक्त शेवटचे त्यांतील एकीला स्पर्श करते, आणि तेही मतभेद कोणाचे व कोणत्या आधारावर हे सांगत नाही. उरलेली पाच वाक्ये खरी असली तरी विधानाला टेकू देत नाहीत.

आता प्रत्येक अवांतर वाक्याची जागा ठरवावी. रेनचे कॅथेड्रल सरळ वगळावे. या विधानाशी त्याचा संबंध नाही. ह्युबर्टचे प्रकरण तसे नाही. आग सुरू झाल्यानंतर दोन दिवसांनी तो लंडनमध्ये पोहोचला होता, हे त्याच्या फाशीनंतर उघड झाले. निबंधात आगीच्या कारणांची चर्चा असेल, तर ही माहिती युक्तिवादाचाच भाग आहे आणि तिने मुख्य मजकुरात, स्वतःच्या परिच्छेदात, स्वतःच्या संदर्भासह यावे. ओळखण्याची खूण अशी: टीप झाकून निबंध वाचला असता युक्तिवाद लंगडा पडत असेल तर तो मजकूर वर न्यावा, युक्तिवाद उभा राहतो पण त्याची शहानिशा करता येत नाही, असे असेल तर टीप आपल्या जागी बरोबर आहे, आणि दोन्हींपैकी काहीच बिघडत नसेल तर ती काढावी.

पीप्सच्या चीजबद्दल थोडे थांबून विचार करावा लागतो, कारण अवांतर हा गुण माहितीचा नसतो, तो माहिती आणि विधान यांच्या नात्यातून ठरतो. रोजनिशीतील त्याच नोंदीत पीप्सने आपल्या कचेरीचे कागदही बागेतील खड्ड्यात ठेवल्याचे लिहिले आहे. निबंध ‘आगीत सरकारी दप्तरे कशी वाचली’ या विषयावर असता, तर हीच नोंद पहिल्या प्रतीचा पुरावा ठरली असती. घरांच्या संख्येखाली मात्र तिला स्थान नाही. अशा नोंदी पुसून न टाकता वेगळ्या फाइलमध्ये नोंदीच्या तारखेसह ठेवाव्यात, म्हणजे पुढच्या लेखनासाठी त्या हाताशी राहतात आणि आत्ता काढतानाही जीव अडखळत नाही.

यानंतर उरलेल्या जागेत पुरावा भरावा. येथे बहुतेकांची चूक अशी होते की अवांतर काढल्यावर ते केवळ ग्रंथाचे नाव आणि पान देऊन थांबतात. टिपेने साधन सांगावे, पण त्या साधनाला हे कसे कळले हेही जेथे महत्त्वाचे आहे तेथे सांगावे. वरील टीप फेरलिहिल्यावर अशी होईल:

> ठिकाण: पीप्सची रोजनिशी, २ सप्टेंबर १६६६ची नोंद, आग पुडिंग लेनमध्ये सुरू झाल्याचे पीप्सला टॉवर ऑफ लंडनच्या लेफ्टनंटकडून कळले, त्याने ते स्वतः पाहिले नव्हते. घरांची संख्या: आगीच्या स्मारकस्तंभावरील उत्तर बाजूचा लॅटिन लेख, स्तंभ १६७१ ते १६७७ या काळात उभारला गेला, त्यामुळे ही आगीच्या वेळची नोंद नव्हे. तारीख इंग्लंडमध्ये तेव्हा चालू असलेल्या ज्युलियन कालगणनेनुसार. ग्रेगोरियननुसार १२ सप्टेंबर.

ही टीप लांबीने जुन्या टिपेच्या जवळपास आहे, पण तिचे प्रत्येक वाक्य वरच्या एका शब्दाशी बांधलेले आहे. म्हणून शब्दमर्यादा लावून टिपा छाटू नयेत. साधने परस्परविरोधी असतील किंवा तारीख एका कालगणनेतून दुसरीत नेली असेल, तर टीप लांब होणे रास्त आहे. त्याच स्तंभलेखात जळालेल्या चर्चची संख्या ८९ दिली असून अनेक अभ्यासक ८७ पॅरिश चर्च धरतात. हा मतभेद नोंदवण्याचा मोह होतो, पण मूळ वाक्यात चर्चचा उल्लेखच नसल्यामुळे तो येथे घेतलेला नाही. चर्चबद्दलचे वाक्य येईल तेथे त्याची स्वतंत्र टीप होईल.

रोजनिशीचा संदर्भ पानाऐवजी नोंदीच्या तारखेने दिला आहे, याकडेही लक्ष द्यावे. पीप्सच्या रोजनिशीच्या अनेक आवृत्त्या आहेत आणि जुन्या आवृत्त्यांत मजकूर गाळलेला आहे. तारीख दिली की वाचकाला कोणत्याही आवृत्तीत नोंद शोधता येते. शब्दशः अवतरण दिले असेल तर आवृत्तीही सांगणे आवश्यक आहे. आणि मूळ साधन आपण न पाहता दुसऱ्या ग्रंथातून माहिती घेतली असेल, तर ‘अमुक ग्रंथात उद्धृत’ असे लिहावे. मूळ साधनाचे नाव देऊन मधला दुवा लपवला, तर त्या ग्रंथातील चूक आपल्या नावावर जमा होते.

शेवटचे काम ‘तत्रैव’ आणि ‘उपरोक्त’ या शब्दांचे. टिपा काढताना किंवा वर नेताना प्रोग्रॅम टिपांचे क्रमांक आपोआप बदलतो, पण ‘तत्रैव’ या शब्दाला त्याचा पत्ता नसतो. मधली एक टीप गेली की तो शब्द मुकाट्याने भलत्याच ग्रंथाकडे बोट दाखवू लागतो. म्हणून संपादनाला हात घालण्यापूर्वीच प्रत्येक ‘तत्रैव’च्या जागी लेखकाचे आडनाव आणि ग्रंथाचे छोटे नाव लिहावे, आणि ‘टीप १४ पाहा’ अशा सूचना हाताने लिहिलेल्या असतील तर त्यांची वेगळी यादी करावी. सर्व टिपा आपापल्या जागी बसल्यावर ही यादी पुन्हा तपासून क्रमांक दुरुस्त करावेत. लहान नावे मात्र तशीच राहू दिली तरी चालतात.