जुने शेअर आणि एसआयपी एकाच वर्षी विकली, तर कर कसा काढायचा?

सातपूरच्या कारखान्यात नोकरी करणाऱ्या एका बाईंचं उदाहरण घेऊ. गंगापूर रोडवरच्या फ्लॅटसाठी पैसे उभे करायचे म्हणून त्यांनी २०२५-२६ या आर्थिक वर्षात तीन गोष्टी विकल्या: २०१५ मध्ये घेतलेले शेअर, इक्विटी म्युच्युअल फंडाची एसआयपी आणि मे महिन्यात घेतलेला आणि नंतर भाव पडलेला एक शेअर. आकडे सोपे जावेत म्हणून दलाली बाजूला ठेवली आहे. प्रत्यक्षात दलाली नफ्यातून वजा करता येते, शेअरच्या व्यवहारावर लागणारा एसटीटी हा कर मात्र वजा करता येत नाही.

सुरुवात जुन्या शेअरपासून करा, कारण जास्तीत जास्त पैसे इथेच वाया जातात. बाईंनी ५०० शेअर २०० रुपयांनी घेतले आणि ऑगस्टमध्ये ९०० ला विकले. वरवर पाहता नफा साडेतीन लाख. पण ३१ जानेवारी २०१८ किंवा त्याआधी घेतलेल्या शेअरला त्या दिवसापर्यंतच्या वाढीवर कर नाही. त्या दिवशीचा बाजारातला सर्वांत वरचा भाव बघायचा, समजा तो ४८० होता. हा भाव आणि विक्रीचा भाव यांतला कमी आकडा घ्यायचा, म्हणजे ४८०. मग तो आणि मूळ खरेदीचा भाव यांतला जास्त आकडा घ्यायचा, म्हणजे पुन्हा ४८०. तोच तुमचा खरेदी भाव. नफा झाला ५०० गुणिले ४२०, म्हणजे २,१०,००० रुपये. फंडाच्या जुन्या युनिटांना भावाऐवजी त्या दिवसाची एनएव्ही, म्हणजे एका युनिटची किंमत, लावतात.

इथे दोन ठिकाणी घोळ होतो. मधल्या काळात शेअरचं विभाजन झालं असेल, तर २०१८ चा भावही त्याच प्रमाणात कमी करावा लागतो. आणि शेअर एका डीमॅटमधून दुसऱ्यात नेले असतील, तर ब्रोकरच्या पत्रकात खरेदी किंमत शून्य किंवा भलतीच दिसू शकते. नफा जवळजवळ विक्रीच्या रकमेएवढा दिसला की जुनी कॉन्ट्रॅक्ट नोट शोधायला घ्या.

आता एसआयपी. दरमहा ५ तारखेला १०,००० रुपये, जानेवारी २०२४ पासून ऑक्टोबर २०२५ पर्यंत. सगळी युनिटं १० नोव्हेंबर २०२५ ला विकली. इथे प्रत्येक हप्ता ही वेगळी खरेदी असते. १२ महिन्यांहून जास्त काळ ठेवलेली युनिटं दीर्घकालीन, बाकीची अल्पकालीन. म्हणून नोव्हेंबर २०२४ पर्यंतचे ११ हप्ते दीर्घकालीन आणि त्यानंतरचे ११ अल्पकालीन. पहिल्यांवर २५,००० नफा झाला, दुसऱ्यांवर ८,००० असं धरू. थोडीच युनिटं विकली असती, तर आधी घेतलेली आधी विकली असं मानलं जातं; मनाला येईल ती निवडता येत नाहीत. आणि हे फक्त इक्विटी फंडाचं. १ एप्रिल २०२३ किंवा त्यानंतर घेतलेल्या डेट फंडाचा नफा कितीही वर्षांनी काढला तरी तुमच्या स्लॅबनेच करपात्र आहे.

तिसरा, मेमध्ये घेतलेला शेअर डिसेंबरमध्ये ३०,००० च्या तोट्यात विकला. अल्पकालीन तोटा दोन्ही प्रकारच्या नफ्यातून वळता होतो. दीर्घकालीन तोटा मात्र फक्त दीर्घकालीन नफ्यातून. अल्पकालीन नफ्यावर २० टक्के कर आहे, म्हणून आधी तिथले ८,००० पुसून टाका. उरलेले २२,००० जुने शेअर आणि एसआयपी मिळून झालेल्या दीर्घकालीन २,३५,००० मधून गेले, की राहिले २,१३,०००. त्यातले पहिले १,२५,००० करमुक्त. उरलेल्या ८८,००० वर साडेबारा टक्क्यांनी ११,००० आणि ४ टक्के सेस ४४०, एकूण ११,४४० रुपये. २०१८ चा भाव लावायचा राहिला असता, तर याच बाईंनी १८,२०० रुपये जास्त भरले असते.

‘माझा पगार नऊ लाख, नव्या करपद्धतीत बारा लाखांपर्यंत करच नाही,’ असं म्हणून बरेच जण हा हिशेब सोडून देतात. ती सूट या नफ्यावरच्या कराला मिळत नाही. पगारावर शून्य कर असला तरी हे ११,४४० भरावेच लागतात. याउलट ज्या निवासी व्यक्तीला दुसरं उत्पन्नच नाही, तिची मूळ करमुक्त मर्यादा, नव्या पद्धतीत चार लाख, आधी या नफ्यातून वजा होते.

विवरणपत्र आयटीआर-२ भरा. त्यातल्या Schedule 112A मध्ये जुन्या शेअरची माहिती शेअरवार द्यावी लागते. तोटा शिल्लक राहिला असेल, तर तो पुढची आठ वर्षं ओढता येतो, मात्र विवरणपत्र मुदतीत गेलेलं हवं. शेअर विकताना ब्रोकर टीडीएस कापत नाही आणि देय कर दहा हजारांवर गेला की आगाऊ कर लागतो, म्हणून विक्रीनंतर उरलेल्या हप्त्यांमध्ये, १५ मार्चपर्यंत पूर्ण रक्कम भरून टाका, किंवा कारखान्याच्या लेखा विभागाला कळवून पगारातून कापून घ्या.