फोनची भाषा नाही, प्ले स्टोअरचा देश बदला

पुण्यातून जर्मनीला निघालेल्यांनो, एक ऐका. तिथल्या बँकेचं अ‍ॅप सापडेना म्हणून आमच्या कोथरूडच्या भाच्याने अख्खा फोन जर्मनमध्ये केला, अ‍ॅप आलं नाहीच, वर परत मराठी कुठून करायचं तेही वाचता येईना! फोन खुशाल मराठीत ठेवा, अ‍ॅप दिसणं अकाउंटच्या देशावर असतं. तिथे पोचल्यावर प्ले स्टोअरमध्ये आपल्या फोटोवर टॅप करून सेटिंग्ज, जनरल, तिथून अकाउंटच्या पर्यायात देश बदला, त्याला तिथलं कार्ड लागतं आणि बदल दिसायला कधीकधी 48 तास जातात. हे वर्षातून एकदाच जमतं, त्यामुळे दोन महिन्यांसाठी जाणाऱ्यांनी तिथे जाऊन दुसरं गूगल अकाउंट काढलेलं बरं. जुना प्ले बॅलन्स मात्र तिकडे वापरता येत नाही, तो आधीच संपवा.