बीव्ही पुन्हा पुन्हा होतोय? या चुका टाळा

बॅक्टेरियल व्हजायनोसिस, म्हणजे योनीतल्या जंतूंचा समतोल बिघडून होणारा बीव्ही, घेऊन येणाऱ्या बायकांपैकी बऱ्याच जणींचे माझ्याकडे येण्याआधी दोन-तीन कोर्स झालेले असतात. पाण्यासारखा पातळ, करडा-पांढरा स्राव आणि माशासारखा वास. औषध घेतलं की आठवड्यात जातो, पुढच्या पाळीनंतर नाहीतर संबंधांनंतर परत येतो. मग मागणी एकच असते, "डॉक्टर, या वेळी जरा स्ट्राँग औषध द्या."

स्ट्राँग औषधाने हा प्रश्न सुटत नाही. मेट्रोनिडाझोल आणि क्लिंडामायसिन ही दोन्ही बीव्हीवरची नीट काम करणारी औषधं आहेत आणि पहिल्या महिन्यात बहुतेक जणींना बरं वाटतं. तरीही वर्षभरात निम्म्याहून जास्त बायकांना तो परत होतो. त्याची कारणं बहुतेक वेळा औषधाच्या आजूबाजूला असतात, म्हणून तिथल्याच चुकांबद्दल लिहिते आहे.

न तपासता जुनीच चिठ्ठी वापरणं

अंगावरून पांढरं जातंय म्हणजे बीव्हीच आहे, असं नसतं. खाज आणि दह्यासारखा घट्ट स्राव असेल तर बुरशीची शक्यता जास्त, आणि मेट्रोनिडाझोलचा बुरशीवर काहीच परिणाम होत नाही. उलट अँटिबायोटिकच्या कोर्सनंतरच बुरशी डोकं वर काढते. रुग्णाला वाटतं बीव्ही परत आला, म्हणून ती तोच कोर्स पुन्हा घेते आणि खाज आणखी वाढते. वास आणि स्राव संबंधांतून पसरणाऱ्या ट्रायकोमोनास या परजीवीमुळेही असू शकतो. त्यात जोडीदाराचे उपचार करावेच लागतात.

तपासणी मोठी नसते. स्रावाचा पीएच ४.५ च्या वर आहे का, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकल्यावर वास येतो का, स्राव पातळ आणि एकसारखा आहे का, आणि सूक्ष्मदर्शकाखाली जंतूंनी मढलेल्या पेशी, म्हणजे क्लू सेल, दिसतात का. या चारपैकी तीन गोष्टी जुळल्या तर बीव्ही धरतो. नुसत्या कल्चरमध्ये गार्डनेरेला हा बीव्हीतला जंतू सापडला म्हणून उपचार करू नयेत, तो निरोगी बायकांमध्येही सापडतो.

वास गेला की औषध थांबवणं

या चुकीचा मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण ती सहज टाळता येते. नेहमीचा कोर्स असा असतो: मेट्रोनिडाझोल ५०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, ७ दिवस. किंवा ०.७५ टक्के मेट्रोनिडाझोल जेल रोज एकदा योनिमार्गात, ५ दिवस. किंवा २ टक्के क्लिंडामायसिन क्रीम रात्री झोपताना, ७ दिवस. यातला एकच घ्यायचा, पण पूर्ण घ्यायचा. गोळीने तोंडाला धातूसारखी चव येते, मळमळतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी वास गेलेला असतो, तेव्हा उरलेल्या गोळ्या ड्रॉवरमध्ये जातात.

वास गेला म्हणजे मोकळे फिरणारे जंतू कमी झाले, एवढंच. बीव्हीतले जंतू योनीच्या भिंतीवर बायोफिल्म नावाचा चिकट थर धरतात. पाण्याच्या टाकीला आतून शेवाळ धरावं तसा. पाणी बदललं तरी शेवाळ राहतं. औषध या थरात पूर्ण मुरत नाही, आणि कोर्स अर्धवट टाकला तर थर जवळजवळ जसाच्या तसा उरतो. दुसरीकडे, योनी आम्लधर्मी ठेवणारे लॅक्टोबॅसिलस जंतू परत वाढायला वेळ लागतो. तेवढ्या मधल्या काळात थरातले जंतू पुन्हा जागा घेतात. पूर्ण कोर्सनेही हा थर प्रत्येकीत निघतोच असं नाही, पण अर्ध्या कोर्सने तो निघण्याची शक्यता फारच कमी.

मेट्रोनिडाझोलच्या २ ग्रॅमच्या एका डोसचा शॉर्टकटही याच कारणासाठी मला मान्य नाही. "एकदाच घेऊन मोकळं व्हायचं" हे ऐकायला बरं वाटतं, पण बीव्हीवर तो ७ दिवसांच्या कोर्सपेक्षा कमी पडतो.

मळमळ होत असेल तर गोळी जेवणानंतर घ्या. तरीही सहन होत नसेल तर मला फोन करा, जेल देऊ. मनाने थांबवू नका.

जोडीदाराला विसरणं, किंवा त्याचे अर्धेच उपचार करणं

बरीच वर्षं आम्ही डॉक्टर सांगत आलो की पुरुषाला औषध द्यायची गरज नाही. त्याला कारणही होतं: जोडीदाराला फक्त गोळ्या देऊन केलेल्या जुन्या चाचण्यांत बाईच्या बीव्हीत काही फरक पडला नव्हता. २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांची एक चाचणी प्रसिद्ध झाली आणि हे चित्र बदललं. त्यांनी पुरुषांना गोळ्यांबरोबर क्रीमही दिलं, कारण बीव्हीचे जंतू पुरुषाच्या मूत्रमार्गात असतात तसेच शिश्नाच्या त्वचेवर, विशेषतः पुढच्या कातडीखाली असतात. तिथे गोळी पुरेशी पोचत नाही. फक्त बाईचे उपचार झाले त्या गटात १२ आठवड्यांत ६३ टक्के जणींना बीव्ही परत झाला. दोघांचे उपचार झाले त्या गटात ३५ टक्के. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधीच थांबवली.

माझ्या एका रुग्णाचं उदाहरण सांगते. तिशीतली बाई, एकच जोडीदार, आठ महिन्यांत चार कोर्स. कागद मागवून पाहिले तर पहिला कोर्स तिने चौथ्या दिवशी सोडलेला. दुसरा पूर्ण झालेला, पण महिन्याभरात त्रास परत. तिसऱ्या वेळी तिला खाज होती, म्हणजे बहुधा ती बुरशी होती, आणि तरी मेट्रोनिडाझोलच दिलेलं. चौथ्या वेळी कुणीतरी तिच्या नवऱ्यालाही २ ग्रॅमचा एक डोस दिला आणि "आता दोघांचं झालं" असं सांगितलं. तीन आठवड्यांत वास परत.

मी तपासलं तेव्हा पीएच ५ च्या वर होता आणि क्लू सेल दिसत होत्या. या वेळी खरंच बीव्ही होता. वास संबंधांनंतर जास्त येतो, असंही तिने सांगितलं. ते बीव्हीत नेहमीचंच आहे: वीर्य अल्कधर्मी असतं, ते मिसळलं की वास मोकळा होतो.

नवऱ्याला बोलावलं. त्याचं पहिलं वाक्य होतं, "मला तर काहीच त्रास नाही." बरोबरच आहे, पुरुषांना यात सहसा काही जाणवत नाही. तिचा प्रश्न होता, "म्हणजे हे यांनी बाहेरून आणलं का?" हा प्रश्न मनात असतो पण विचारला जात नाही, म्हणून मी तो नेहमी स्वतःहून काढते. बीव्ही झाला यावरून कुणी बाहेर गेल्याचं सिद्ध होत नाही. हे जंतू एका जोडप्यात महिनोन्महिने इकडून तिकडे फिरत राहू शकतात, आणि बाईच्या शरीरातला समतोल इतर कारणांनीही बिघडतो. संशय घेऊन घरी गेलेलं जोडपं औषध एकत्र घेत नाही, म्हणून हे आधी बोलून घ्यावं लागतं.

मग दोघांचा कोर्स एकाच दिवशी सुरू केला. तिला मेट्रोनिडाझोल ७ दिवस. त्याला मेट्रोनिडाझोल ४०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा ७ दिवस, आणि २ टक्के क्लिंडामायसिन क्रीम दिवसातून दोनदा ७ दिवस: शिश्नाच्या टोकावर, कातडी मागे घेऊन तिच्या आत, आणि दांड्याच्या वरच्या भागावर. कोर्स संपेपर्यंत संबंध पूर्ण बंद. त्याने क्रीम "फक्त टोकाला" लावायचं ठरवलं होतं, ते विचारल्यावरच कळलं. म्हणून मी आता कुठे लावायचं ते कागदावर आकृती काढून देते. तीन महिन्यांनी आली तेव्हा तिला त्रास नव्हता.

प्रत्येकीचं असंच होईल, असं मी सांगत नाही. दोघांचे उपचार होऊनही ३५ टक्के जणींना तो परत झालाच. शिवाय ती चाचणी एकमेकांशीच संबंध असलेल्या स्त्री-पुरुष जोडप्यांवर होती. जोडीदार एकापेक्षा जास्त असतील तर त्यातल्या एकालाच औषध देऊन साखळी तुटत नाही, तिथे कंडोमचा नियमित वापर जास्त उपयोगी. दोन्ही जोडीदार स्त्रिया असतील तर बीव्ही अनेकदा दोघींनाही असतो, म्हणून दुसरीलाही लक्षणं असतील तर तपासून घ्यावं. आणि पुरुषाचा कोर्स डॉक्टरला विचारूनच सुरू करायचा. रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन चालू असेल तर मेट्रोनिडाझोलने त्याचा परिणाम वाढतो.

बाकीच्या छोट्या चुका

आतून धुणं बंद करा. पाण्याने, साबणाने, सुगंधी वॉशने, कशानेही नको. त्याने लॅक्टोबॅसिलस वाहून जातात. बाहेरून साध्या पाण्याने धुतलं तरी पुरतं.

क्लिंडामायसिन क्रीममध्ये तेल असतं, त्याने लॅटेक्सचे कंडोम कमकुवत होतात. कोर्स चालू असताना आणि नंतरचे ५ दिवस त्यांच्यावर विसंबू नका.

"लग्नात दारू होईल म्हणून दोन दिवस गोळी थांबवली" हे ऐकून मी थकले आहे. पाकिटावर दारू टाळा असं लिहिलेलं असतं, पण सीडीसी या अमेरिकी सरकारी आरोग्यसंस्थेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार त्यासाठी पुरेसा पुरावा नाही. टाळलीत तर चांगलंच, पण गोळी चुकवू नका.

बोरिक ॲसिडच्या कॅप्सूल स्वतःहून आणू नका. त्या फक्त योनीत ठेवायच्या असतात, पोटात गेल्या तर विषारी ठरतात, आणि गरोदरपणात वापरायच्या नाहीत.

लक्षणं गेली असतील तर "खात्री करायला" पुन्हा तपासणीची गरज नाही. ताप, ओटीपोटात दुखणं किंवा संबंधांच्या वेळी आत खोल दुखणं असेल तर मात्र लगेच दाखवा, तो साधा बीव्ही नसेल. गरोदर असताना लक्षणं दिसली तरी वाट न पाहता दाखवा, मेट्रोनिडाझोल तेव्हाही देता येतं.

इतकं करूनही परत आला तर

वर्षात तीन किंवा जास्त वेळा झाला की दर वेळी नवा ७ दिवसांचा कोर्स घेत राहण्यात अर्थ नाही. आधी तपासून तो बीव्हीच आहे याची खात्री करायची. जोडीदाराचे पूर्ण उपचार झालेत का ते पाहायचं. तांब्याची कॉपर-टी असेल तर तीही मोजायची, कारण काही जणींमध्ये बीव्ही तिच्याबरोबर जास्त दिसतो. मग एक पूर्ण कोर्स, आणि त्यानंतर मेट्रोनिडाझोल जेल आठवड्यातून दोनदा, ४ ते ६ महिने. जेल चालू असताना बहुतेक जणींचा त्रास आटोक्यात राहतो. बंद केल्यावर काहींना परत होतो, आणि मध्येच बुरशी होण्याची शक्यताही असते, म्हणून खाज सुटली तर नवं काही स्वतःहून सुरू न करता दाखवायला या. पाळी, संबंध आणि त्रास कधी सुरू झाला, या तिन्हींच्या तारखा लिहून आणल्यात तर पुढचा निर्णय घेणं फार सोपं जातं.