इंटेन्शन-टू-ट्रीट की पर-प्रोटोकॉल? ट्रायलचा निष्कर्ष फिरवणाऱ्या या चुका टाळा

ट्रायलमध्ये चिठ्ठीने 'अ' गटात गेलेल्या प्रत्येकाला 'अ' उपचार मिळतोच असं नाही. कुणी चार गोळ्या घेऊन थांबतो, कुणी शस्त्रक्रियेला नकार देतो, कुणाची तब्येत मध्येच बिघडते आणि डॉक्टर त्याला दुसरा उपचार देतात. निकाल मोजायला बसलं की प्रश्न येतो, की या लोकांना कुठे धरायचं? इंटेन्शन-टू-ट्रीट म्हणजे चिठ्ठीने ज्या गटात टाकलं त्याच गटात मोजायचं, मग प्रत्यक्षात काहीही घडलेलं असो. पर-प्रोटोकॉल म्हणजे ज्यांनी ठरल्याप्रमाणे उपचार पूर्ण घेतला तेवढेच मोजायचे, बाकीचे बाजूला ठेवायचे.

व्याख्या सगळ्यांना पाठ असतात. चुका होतात त्या आकडे मांडताना आणि दुसऱ्याचा पेपर वाचताना. म्हणून आधी एक खरं उदाहरण सावकाश सोडवू.

चूक: ज्यांना उपचार मिळालाच नाही त्यांना वगळणं

युरोपियन कोरोनरी सर्जरी स्टडीचे सुरुवातीचे निकाल १९७९ साली आले. हृदयाच्या धमन्या अरुंद झालेल्या ७६८ पुरुषांना दोन गटांत विभागलं होतं. ३९५ जणांच्या वाट्याला बायपास शस्त्रक्रिया आली आणि ३७३ जणांच्या वाट्याला औषधोपचार. दोन वर्षांत किती जण दगावले, एवढंच आपण पाहू.

शस्त्रक्रियेच्या गटातल्या ३६९ जणांची शस्त्रक्रिया झाली, त्यातले १५ दगावले. उरलेल्या २६ जणांची शस्त्रक्रिया झालीच नाही, त्यातले ६ दगावले. औषधाच्या गटातले ३२३ जण औषधांवरच राहिले, त्यातले २७ दगावले. बाकीच्या ५० जणांची पुढे शस्त्रक्रिया करावी लागली, त्यातले २ दगावले.

चिठ्ठीप्रमाणे मोजलं तर शस्त्रक्रियेच्या बाजूला ३९५ पैकी २१ मृत्यू, म्हणजे ५.३ टक्के. औषधाच्या बाजूला ३७३ पैकी २९, म्हणजे ७.८ टक्के. पी-व्हॅल्यू, म्हणजे उपचारांत फरकच नसताना निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता, येते साधारण ०.१७. शस्त्रक्रियेकडे कल दिसतो, पण तो निव्वळ योगायोगही असू शकतो.

आता पर-प्रोटोकॉल करू. शस्त्रक्रिया न झालेले २६ आणि औषधांवरून शस्त्रक्रियेकडे गेलेले ५० काढून टाकले की ३६९ पैकी १५, म्हणजे ४.१ टक्के, विरुद्ध ३२३ पैकी २७, म्हणजे ८.४ टक्के. पी-व्हॅल्यू ०.०२ च्या आसपास, म्हणजे ०.०५ या रूढ मर्यादेच्या खाली. तेच रुग्ण, तेच मृत्यू, आणि शस्त्रक्रिया 'सिद्ध' झाली.

तिसरा मार्गही लोक घेतात. चिठ्ठी विसरायची आणि प्रत्यक्षात ज्याला जे मिळालं त्याप्रमाणे गट पाडायचे. तसं केलं तर शस्त्रक्रिया झालेल्या ४१९ पैकी १७ मृत्यू, म्हणजे ४.१ टक्के, आणि औषधांवर राहिलेल्या ३४९ पैकी ३३, म्हणजे ९.५ टक्के. फरक आणखी मोठा दिसतो.

या सगळ्या बदलाचं मूळ त्या २६ जणांत आहे. त्यांच्यात २३ टक्के मृत्यू झाले, बाकी कुठल्याही तुकडीपेक्षा कितीतरी जास्त. शस्त्रक्रियेची वाट पाहताना जो दगावला किंवा इतका खालावला की टेबलावर घेता येईना, तो 'शस्त्रक्रिया न झालेल्यां'त मोडतो. त्याला वगळलं की शस्त्रक्रियेचा गट आपोआप निरोगी होतो. त्याला औषधाच्या गटात ढकललं तर दुहेरी घोटाळा होतो, कारण एका गटाचे मृत्यू कमी झाले आणि तेच दुसऱ्याच्या खात्यावर चढले. शस्त्रक्रिया करायची असं ठरवलं की तिच्या आधीचा प्रतीक्षेचा काळही त्या निर्णयाचाच भाग असतो. रुग्णाला सल्ला देताना डॉक्टर निर्णयाबद्दल बोलत असतात, आणि त्या निर्णयाचा हिशोब फक्त पहिल्या मोजणीत मिळतो.

पुढच्या काळात, अधिक वर्षं पाठपुरावा केल्यावर, याच ट्रायलमध्ये शस्त्रक्रियेचा फायदा स्पष्ट दिसला, तोही चिठ्ठीच्या मूळ गटांची तुलना करून. म्हणून काही जण म्हणतात, की मग दोन वर्षांचं पर-प्रोटोकॉल उत्तर बरोबरच होतं. हे मला पटत नाही. दोन वर्षांच्या आकड्यांत जो फरक दिसला त्यात उपचाराचा वाटा किती आणि वगळलेल्या रुग्णांचा किती, हे त्या मोजणीतून कळूच शकत नव्हतं.

चूक: 'औषध नीट घेतलेल्यांत तरी बघू' असं म्हणणं

निकाल निराशाजनक आला की हे वाक्य हमखास ऐकू येतं. ऐकायला रास्त वाटतं, कारण ज्याने गोळीच घेतली नाही त्याला गोळीचा गुण कसा येणार? याला सगळ्यात चोख उत्तर कोरोनरी ड्रग प्रोजेक्टने १९८० साली दिलं.

हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या पुरुषांत क्लोफिब्रेट हे कोलेस्टेरॉलचं औषध प्लासिबोशी ताडून पाहिलं होतं. पाच वर्षांत क्लोफिब्रेट गटात २०.० टक्के मृत्यू आणि प्लासिबो गटात २०.९ टक्के. म्हणजे फरक नाहीच. मग पाहिलं, की ठरलेल्या गोळ्यांपैकी ८० टक्के किंवा जास्त घेणाऱ्यांचं काय झालं. क्लोफिब्रेट नीट घेणाऱ्यांत १५.० टक्के मृत्यू, टाळाटाळ करणाऱ्यांत २४.६ टक्के. इथेच थांबलं असतं तर औषध गुणकारी ठरलं असतं.

पण त्यांनी तीच मोजणी प्लासिबोच्या गटातही केली. प्लासिबो नीट घेणाऱ्यांत १५.१ टक्के, न घेणाऱ्यांत २८.३ टक्के. ज्या गोळीत औषधच नाही ती नियमित घेतल्याने मृत्यू निम्म्याच्या जवळ आल्याचं दिसतं. गोळ्या नियमित घेणारा माणूस मुळातच वेगळा असतो. त्याची प्रकृती, सवयी, बाकीच्या उपचारांची शिस्त, सगळंच बरं असतं. शिवाय जो खालावत जातो त्याच्या गोळ्याही सुटतात. तिथे गोळी सुटल्यामुळे आजार वाढला नाही, आजार वाढल्यामुळे गोळी सुटली.

'मग वय, रक्तदाब, धूम्रपान यांचा हिशोब धरून आकडे सुधारून घेऊ' ही पुढची पळवाट. तेही करून झालं होतं. सुरुवातीला नोंदवलेल्या ४० गोष्टी विचारात घेऊनही प्लासिबो गटात १६.४ विरुद्ध २५.८ टक्के असा फरक शिल्लक राहिला. अनेक वर्षांनी, २०१६ मध्ये, नव्या पद्धतींनी त्याच माहितीचं पुन्हा विश्लेषण झालं. त्यात ट्रायल चालू असताना बदलत गेलेल्या गोष्टीही धरल्या, आणि तो फरक बराच आटला. म्हणजे नियमित घेणाऱ्यांपुरता परिणाम काढणं अशक्य नाही. पण त्यासाठी प्रत्येक भेटीतली प्रकृतीची नोंद हवी आणि वेगळ्या पद्धतीचं गणित हवं. नुसती नावं गाळून ते साधत नाही. तुमच्या स्वतःच्या ट्रायलमध्ये प्लासिबो गट असेल तर हीच तपासणी करून पाहा. प्लासिबो नीट घेणारे आणि न घेणारे यांच्या निकालात फरक दिसला, की पर-प्रोटोकॉल आकड्यावर भार टाकू नका.

चूक: नाव इंटेन्शन-टू-ट्रीट, मोजणी भलतीच

पेपरच्या पद्धती-विभागात 'विश्लेषण इंटेन्शन-टू-ट्रीट तत्त्वाने केले' असं लिहिलेलं असतं. त्यावर विसंबू नका. रुग्णांचा प्रवाह दाखवणारी आकृती उघडा, प्रत्येक गटात किती जणांना टाकलं तो आकडा घ्या, आणि मुख्य निकालाच्या तक्त्यातला छेद, म्हणजे किती जणांपैकी मोजलं तो आकडा, त्याच्याशी ताडून पाहा. आकृतीत ३०० आणि तक्त्यात २६० असतील तर ४० जण कुठे गेले, हे पेपरने सांगायला हवं.

बहुतेकदा ते अंतिम तपासणीला न आलेले असतात. इथे खरी चूक ट्रायल चालवतानाच झालेली असते. रुग्णाने औषध सोडलं की त्याचा पाठपुरावाही थांबवायचा, अशी पद्धत पुष्कळ ठिकाणी पडली आहे. औषध सोडणं आणि ट्रायल सोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रोटोकॉलमध्ये आणि संमतिपत्रातच लिहून ठेवा, की औषध बंद झालं तरी निकालाची नोंद शेवटपर्यंत घेतली जाईल. निकालच हाती नसेल तर नंतर कितीही गणित केलं तरी ते अंदाजच असतात, आणि मग अंदाज बदलून निष्कर्ष टिकतो का, हे तपासून दाखवावं लागतं.

'सुधारित' इंटेन्शन-टू-ट्रीट हा शब्द दिसला की थांबून वाचा. चिठ्ठी उघडल्यावर एकही गोळी न घेतलेल्यांना वगळणं डबल-ब्लाइंड, म्हणजे कोण कुठल्या गटात हे रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही ठाऊक नसलेल्या, ट्रायलमध्ये एक वेळ चालून जातं, कारण गोळी न घेण्यामागे गटाची माहिती कारण असू शकत नाही. पण जिथे आपल्याला काय मिळणार हे रुग्णाला ठाऊक असतं, तिथे तेच वगळणं गट बिघडवतं.

चूक: नॉन-इन्फिरिऑरिटी ट्रायलमध्येही इंटेन्शन-टू-ट्रीटलाच सुरक्षित मानणं

वरचं सगळं वाचून इंटेन्शन-टू-ट्रीट नेहमीच सावध उत्तर देतं असं वाटेल. नवं औषध सरस आहे हे दाखवायचं असतं तेव्हा ते बहुधा खरं असतं. गोळ्या सुटल्या, गट एकमेकांत मिसळले की दोन्ही बाजू सारख्या दिसू लागतात आणि खोटा फायदा सिद्ध होणं अवघड जातं. पण नवं औषध 'जुन्यापेक्षा फारसं कमी नाही' एवढंच दाखवायचं असेल, तर सारखं दिसणं हेच यश असतं. मग ढिसाळपणा नव्या औषधाच्या पथ्यावर पडतो.

एक कल्पित हिशोब करू. समजा पूर्ण कोर्स घेतल्यास जुन्या औषधाने ९० टक्के बरे होतात आणि नव्याने ८०. दोन्हीकडे कोर्स अर्धवट सोडणाऱ्यांत ५० टक्के बरे होतात. ८ टक्क्यांपर्यंतची उणीव चालेल असं आधीच ठरलं आहे. सगळ्यांनी कोर्स पूर्ण केला तर फरक १० टक्के, नवं औषध नापास. आता दोन्ही गटांत ३० टक्के लोकांनी कोर्स सोडला. जुन्याकडे बरे होणारे ७८ टक्के, नव्याकडे ७१. फरक उरला ७. रुग्णसंख्या पुरेशी मोठी असेल, तर फरकाच्या विश्वास-मर्यादेचं वाईट टोकही, म्हणजे खरा फरक जास्तीत जास्त किती असू शकेल त्याचा अंदाजही, ८ च्या आत बसेल आणि नवं औषध पास होईल. औषध तेच आहे, फक्त गोळ्या सुटल्या.

म्हणून अशा ट्रायलमध्ये दोन्ही विश्लेषणं मांडावी लागतात आणि दोन्हींचा कौल एक यावा लागतो. दोन्हींत तफावत आली तर सोयीचा आकडा निवडू नका. किती जणांनी, कधी आणि का उपचार सोडला याचा गटवार तक्ता आधी मांडा. दोन्ही गटांत सोडणारे साधारण सारखे आणि कारणंही सारखी असतील, तर वरच्या हिशोबासारखा गोंधळ झाला असण्याची शक्यता जास्त. एका गटातले बरेच जण दुष्परिणामांमुळे किंवा गुण न आल्यामुळे बाहेर पडले असतील, तर पर-प्रोटोकॉल मोजणीच फसवी आहे, कारण उरलेले लोक औषध मानवलेलेच आहेत. आणि पर-प्रोटोकॉल गटात कोण धरायचं, म्हणजे किती टक्के गोळ्या, किती दिवसांची सूट, कोणती बंदी असलेली औषधं, हे ब्लाइंडिंग उघडण्याआधी लेखी नक्की झालेलं आहे का, ते तारखेसकट तपासा.