स्टोरेज बोर्डावरच सोल्डर असलेला लॅपटॉप: आत किती जीबी घ्यायचं आणि बाहेर काय ठेवायचं

माझी भाची इथे बडोद्यात फाइन आर्ट्सला आहे, नवरात्रात गरब्याचे व्हिडिओ शूट करून देते, आणि तिला मॅकबुक एअर घ्यायचा होता. दुकानातून फोन, "मामा, 256 वाला घेऊ का? दुकानदार म्हणतोय पछी वधारी देशुं." मी म्हटलं थांब, पैसे देऊ नकोस, तो वाढवणार कसा ते आधी विचार. मग कळलं की तो बाहेरून लावायच्या ड्राइव्हबद्दल बोलत होता. आतलं स्टोरेज नंतर वाढतच नाही, कारण 2018 पासूनच्या मॅकबुक एअरमध्ये ते थेट बोर्डावर सोल्डर केलेलं असतं, खाचेतून काढून दुसरं बसवायची सोय नाही. म्हणजे किती जीबी घ्यायचं हे विकत घेतानाच ठरतं. आम्ही ते कसं ठरवलं ते सांगतो.

पहिलं काम: खरंच सोल्डर आहे का ते बघा

विंडोज लॅपटॉपमध्ये दोन्ही प्रकार मिळतात. कंपनीच्या स्पेसिफिकेशनच्या पानावर स्टोरेजसमोर M.2 2280 किंवा M.2 2242 असं लिहिलं असेल तर खाच आहे, एसएसडी बदलता येतो. eMMC किंवा UFS लिहिलं असेल तर सोल्डर आहे, स्वस्तातल्या 64 आणि 128 जीबीच्या लॅपटॉपमध्ये हे खूप दिसतं. आणि नुसतंच "512 जीबी एसएसडी" असेल तर सर्व्हिस मॅन्युअल शोधून त्यात एसएसडी काढायचं चित्र आहे का ते बघा, दुकानदाराच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

दुसरं: हिशोब कागदावर मांडा

यात घाई करू नका, सगळा खेळ इथेच आहे. 256 चा मॅक चालू केला की वापरायला साधारण 245 जीबी दिसतात, 512 च्या मॅकवर 494. विंडोजवर तोच 256 चा एसएसडी 238 दिसतो, कारण विंडोज 1024 च्या पटीत मोजतं, त्यात कोणी फसवलेलं नसतं. यातला पाचवा हिस्सा रिकामाच ठेवायचा असं मी धरतो. एसएसडीला जुने ब्लॉक साफ करून नवं लिहायला मोकळी जागा लागते, रॅम कमी पडली की सिस्टिम तिथेच स्वॅप करते, आणि मोठा अपडेट आला की त्यालाही जागा लागतेच. म्हणजे 256 मधले कामाचे 196, आणि 512 मधले 395.

आता भाचीची गरज. सिस्टिम आणि तिचं सामान 40 जीबी धरलं, फोटो-व्हिडिओ एडिटिंगचे अ‍ॅप 30, कॉलेजचं काम 25, फोनमधले फोटो 35. झाले 130. तिचा कॅमेरा फोर-के मध्ये 100 एमबीपीएसला रेकॉर्ड करतो, म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी, तासाला 45 जीबी. एका रात्रीचं दीड तास शूटिंग म्हणजे 68 जीबी, आणि एडिट करताना कॅशे वगैरे आणखी 20. बेरीज 218, आणि 256 मध्ये मर्यादा 196 ची, म्हणजे एका रात्रीचं कामसुद्धा नीट मावत नाही. 512 मध्ये दोन रात्रींचं काम एकदम उघडलं तरी 306 होतात, आरामात बसतं. नऊ रात्रींचं मिळून मात्र 600 जीबीच्या वर जातं, आणि तेवढं आत ठेवायला 1 टीबी घ्यायची गरज नाही, काम झालेलं फुटेज बाहेर गेलं तरी चालतं. म्हणून ठरलं, आत 512 आणि बाकीचं बाहेर.

तुमचं कॉलेजचं किंवा ऑफिसचं साधं काम असेल, व्हिडिओ नसेल, तर हाच हिशोब 256 मध्ये बसेल. आकडे मात्र आपले घाला, सध्या वापरताय त्या लॅपटॉपवर काय किती जागा खातंय ते बघून.

तिसरं: ड्राइव्ह आणि केबल

रोज उघडायच्या फाइलींसाठी पोर्टेबल एसएसडी घ्या, 10 जीबीपीएसचा पुरतो. 20 जीबीपीएस छापलेला महाग ड्राइव्ह एम-1 ते एम-3 एअरवर 10 च्याच वेगाने चालतो, वरचे पैसे वाया. नुसतं जपून ठेवायच्या कॉपीसाठी साधी हार्ड डिस्क बरी, स्वस्त पडते.

आता केबल. भाचीने पहिल्या दिवशी गेल्या वर्षीच्या एका रात्रीचं 68 जीबी फुटेज कॉपी करायला लावलं आणि अर्धा तास होत आला तरी काम संपेना, तिला वाटलं ड्राइव्हच खराब. बघतो तर तिने चार्जिंगची यूएसबी-सी केबल लावलेली. ती केबल डेटासाठी यूएसबी 2 च्याच वेगाची असते, सेकंदाला जेमतेम 40 एमबी. ड्राइव्हच्या डब्यातली आखूड केबल लावली आणि तेच काम दोन मिनिटांच्या आत झालं. ओळखायचं कसं, तर System Information मध्ये USB खाली ड्राइव्हचं नाव निवडून त्याच्या तपशिलात Up to 480 Mb/s दिसलं तर केबल चुकलीय, Up to 10 Gb/s दिसायला हवं.

चौथं: फॉरमॅट

ड्राइव्ह फक्त मॅकवर वापरायचा असेल तर Disk Utility मध्ये View मधून Show All Devices करा, सगळ्यात वरचं नाव निवडा, Erase, APFS आणि GUID Partition Map. यात ड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं हे लक्षात ठेवून करा. विंडोजवालाही वापरणार असेल तर exFAT. NTFS नको, मॅक ते वाचतो पण त्यावर लिहीत नाही. exFAT ड्राइव्ह Eject न करता ओढून काढलात तर फाइली खराब व्हायची भीती जास्त.

पाचवं: दुसरी कॉपी

दोन वर्षांपूर्वी माझ्या लॅपटॉपवर पाणी सांडलं, बोर्ड गेला. पूर्वी अशा वेळी डिस्क काढून दुसऱ्या डब्यात घालून सगळं परत मिळायचं, इथे काढायला डिस्कच नव्हती, आणि आईच्या पंच्याहत्तरीचे फोटो गेले ते गेलेच. एम सिरीजच्या मॅकवर तर डेटा एन्क्रिप्ट असतो आणि किल्ली प्रोसेसरच्या चिपमध्येच, त्यामुळे मेमरीच्या चिपा काढून दुसऱ्या बोर्डावर लावल्या तरी काही वाचता येत नाही. तोच बोर्ड दुरुस्त झाला तर डेटा मिळतो, नाहीतर नाही.

म्हणून मॅकच्या Time Machine बॅकअपसाठी वेगळी डिस्क, लॅपटॉपच्या निदान दुप्पट, म्हणजे 512 ला 1 टीबी. पण एक लक्षात घ्या, फुटेज लॅपटॉपवरून काढून एसएसडीवर टाकलं की त्याची तीच एक प्रत उरते, कारण Time Machine बाहेरचे ड्राइव्ह आपोआप घेत नाही, आणि exFAT वाले तर घेतच नाही. APFS असेल तर Time Machine च्या Options मध्ये जाऊन वगळलेल्यांच्या यादीतून तो ड्राइव्ह काढा. exFAT असेल तर दुसऱ्या हार्ड डिस्कवर हाताने कॉपी करा. भाची दर रात्री टर्मिनलमध्ये हे चालवते, KAAM हा एसएसडी आणि PRAT ही हार्ड डिस्क:

```
rsync -av /Volumes/KAAM/Garba/ /Volumes/PRAT/Garba/
```

शेवटच्या तिरक्या रेषा दोन्हीकडे ठेवा, पहिल्या बाजूची विसरलात तर Garba च्या आत आणखी एक Garba तयार होतो. दुसऱ्यांदा चालवलं की नवं आणि बदललेलं तेवढंच जातं. मेमरी कार्ड तिने तोवर पुसायचं नाही, जोवर PRAT वरची एक-दोन क्लिप उघडून चालवून बघितलेली नाही.