चौकशीचा सुगावा लागण्याआधी: ऑफिसच्या चॅटवर लीगल होल्ड लावायची तयारी

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टेरी टॉवेलचा एखादा निर्यातदार कारखाना डोळ्यांसमोर ठेवू. सूत खरेदीचे भाव बाजारापेक्षा सतत चढे दिसतायत आणि खरेदी विभागातला एक अधिकारी आणि सुताचा एक दलाल यांच्यात काही ठरलंय, असा मालकांना संशय आहे. कारखान्याचं सगळं बोलणं मायक्रोसॉफ्ट टीम्सवर चालतं. अशा वेळी मालकांचा पहिला विचार असतो, त्या माणसाला केबिनमध्ये बोलावून विचारायचं. ते आधी थांबवा. तो केबिनमधून बाहेर पडला की जिना उतरता उतरता मोबाइलवर चॅट पुसेल. लीगल होल्ड म्हणजे पुरावा कायमचा पुसला जाऊ नये म्हणून सर्व्हरवर लावलेली रोक. ज्याची प्रत सर्व्हरवरूनही गेली, ते होल्ड परत आणू शकत नाही. होल्ड फक्त जे शिल्लक आहे ते आणि पुढे येईल ते धरून ठेवतो. म्हणून आधी होल्ड, मग बोलावणं.

यात एक गोष्ट मालकांना आणि वकिलांना सुरुवातीलाच समजावून सांगा. होल्ड लागला तरी त्या माणसाच्या स्क्रीनवरचं डिलीटचं बटण बंद होत नाही. तो मेसेज पुसू शकतो, बदलू शकतो, त्याला काहीही वेगळं दिसत नाही. फरक पडद्यामागे पडतो. टीम्सच्या प्रत्येक मेसेजची एक प्रत मेलबॉक्समधल्या लपलेल्या फोल्डरमध्ये साठते. मेसेज पुसला किंवा बदलला की मूळ प्रत `SubstrateHolds` नावाच्या दुसऱ्या लपलेल्या फोल्डरमध्ये जाते. एरवी ती तिथे किमान एक दिवस राहते आणि पुढच्या साफसफाईत कायमची जाते. होल्ड असेल तर ती तिथेच राहते. म्हणजे कुणी काल रात्री मेसेज पुसला असेल आणि तुम्ही आज सकाळी होल्ड लावला, तर तो सापडायची आशा असते. आठवडाभर थांबलात तर ती धरू नका.

आता पहिली तपासणी परवान्याची. लहान कारखान्यांत बहुतेक ठिकाणी बिझनेस बेसिक किंवा स्टँडर्ड घेतलेलं असतं आणि त्यात मेलबॉक्सवर होल्ड लावता येत नाही. ज्यांच्यावर होल्ड लावायचा, निदान तेवढ्या माणसांचा परवाना वरच्या दर्जाचा करून घ्या. दुसरी तपासणी अधिकाराची. ग्लोबल ॲडमिन आहे म्हणून होल्ड लावता येतोच असं नाही. होल्ड मायक्रोसॉफ्टच्या पर्व्ह्यू पोर्टलमध्ये ई-डिस्कव्हरीची, म्हणजे पुरावा शोधायची, केस उघडून लावतात आणि त्यासाठी `eDiscovery Manager` या गटात नाव घालावं लागतं. ते कुणाचं घालायचं, हे मालक आणि वकील यांनी ठरवावं. सोलापुरात एका कारखान्याची आयटी आणि खरेदी सांभाळणारी माणसं एकाच गल्लीतली, कधी एकमेकांचे मेहुणेही असतात. कुणावर दोष ठेवायला मी हे सांगत नाही, पण होल्डची बातमी दोन-तीन माणसांपलीकडे जाऊ नये.

मग कुणाकुणाला धरायचं ते लिहून काढा. खरेदी अधिकारी, त्याच्या हाताखालचा क्लार्क, बिलं मंजूर करणारा अकाउंट्सवाला आणि गोडाऊनमध्ये सूत उतरवून घेणारा. दलाल बाहेरचा असला तरी त्याच्याशी झालेल्या चॅटमधली आपल्या माणसाची बाजू आपल्याच मेलबॉक्समध्ये असते, ती होल्डमध्ये येते.

जागांची यादी हा सगळ्यात चुकणारा भाग आहे, त्यामुळे इथे घाई करू नका. एकास एक आणि ग्रुप चॅट माणसाच्या मेलबॉक्समध्ये असतं. ‘खरेदी’ नावाची टीम असेल तर तिच्या चॅनेलमधले मेसेज त्या टीमच्या स्वतंत्र मेलबॉक्समध्ये असतात. नुसत्या माणसावर होल्ड लावला तर ते निसटतात. चॅटमधून पाठवलेली फाइल, म्हणजे सुताच्या भावाचं कोटेशन, पाठवणाऱ्याच्या वनड्राइव्हमध्ये `Microsoft Teams Chat Files` या फोल्डरमध्ये असते आणि चॅनेलमधली फाइल शेअरपॉइंटवर. मेसेज सापडला पण त्यातलं कोटेशन पुसलं गेलं, तर हातात काय उरलं? म्हणून प्रत्येक माणसाचा मेलबॉक्स आणि वनड्राइव्ह, प्रत्येक टीमचा मेलबॉक्स आणि शेअरपॉइंट साइट, अशी जोडीने नोंद करा. प्रायव्हेट चॅनेलची शेअरपॉइंट साइट वेगळी असते, तीही शोधून यादीत घाला.

होल्ड लावताना शब्दांची गाळणी लावायचा मोह टाळा. आपली माणसं चॅटवर मराठी इंग्रजी अक्षरांत लिहितात. एकच सूत कुणी `sut` लिहितो, कुणी `soot`, कुणी `yarn`, तर कुणी नुसतं `cone`. ठरावीक शब्दांवर होल्ड बांधला तर ज्याला लपवायचंय त्याचाच मेसेज बाहेर राहील. सगळं धरा, शोध नंतर घ्या. कंपनीत नव्वद दिवसांनी चॅट आपोआप पुसायचा नियम चालू असला तरी तो बंद करायची गरज नाही. होल्ड त्याच्यावर भारी पडतो आणि बाकीच्यांसाठी नियम चालू राहिला की कुणाला शंकाही येत नाही. नव्वद दिवसांपूर्वीचं मात्र आधीच गेलेलं असेल, हे वकिलांना त्याच दिवशी सांगा.

होल्ड लागू व्हायला 24 तासांपर्यंत लागू शकतात. सोमवारी संध्याकाळी लावला तर चौकशीचं बोलावणं बुधवारी ठेवा. मधल्या मंगळवारी तपासा. प्रत्येक माणसाच्या मेलबॉक्ससाठी एक्सचेंज ऑनलाइनला जोडलेल्या पॉवरशेलमध्ये हे चालवा, पत्ता तुमच्या माणसाचा घाला:

```
Get-Mailbox kharedi@example.com | FL InPlaceHolds
```

उत्तरात `UniH` ने सुरू होणारी ओळ दिसली की ई-डिस्कव्हरीचा होल्ड तिथे पोचलाय. कंस रिकामा असेल तर पोचलेला नाही. एवढ्यावर थांबू नका. तसाच परवाना असलेलं एक चाचणी खातं त्याच होल्डमध्ये आधीच घालून ठेवा. मंगळवारी त्यावरून एक मेसेज पाठवा, दुसरा पाठवून बदला, तिसरा पाठवून पुसा. त्या केसमध्ये शोध घेतल्यावर पुसलेला मेसेज आणि बदललेल्याचं मूळ रूप दोन्ही मिळालं, तरच बुधवारचं बोलावणं पक्कं करा.

बोलावल्यावर लेखी सूचना हातात द्या: या विषयाचं काहीही पुसू नये, व्हॉट्सॲपवरचंही. व्हॉट्सॲपपर्यंत हा होल्ड पोचत नाही. फोन कंपनीचा असेल तर तो तिथल्या तिथे ताब्यात घ्या. सूचनेवर तारीख आणि सही असू द्या. पुरावा म्हणून सादर होऊ नये यासाठी इलेक्ट्रॉनिक नोंद नष्ट करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 241 खाली गुन्हा आहे आणि सूचना मिळाल्यानंतर ‘मला माहीत नव्हतं’ म्हणणं अवघड होतं.

त्याने रागाने राजीनामा दिला तर एचआर सवयीने खातं बंद करायला सांगेल. साइन-इन रोखा, पासवर्ड बदला, पण खातं डिलीट करू नका.

प्रकरण कोर्टात जाणार असेल तर शोधातून बाहेर काढलेल्या फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे तिच्या मजकुरावरून निघणारी बोटाच्या ठशासारखी ओळख, त्याच दिवशी काढून लिहून ठेवा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे द्यायच्या प्रमाणपत्रात ते लागतं. निकाल लागल्यावर होल्ड वकिलांच्या लेखी संमतीनेच काढा. काढल्यावरही मेलबॉक्स 30 दिवस विलंबाच्या होल्डमध्ये राहतो, त्यामुळे चुकीचं नाव काढलं गेलं असेल तर तेवढ्या मुदतीत ते पुन्हा घालता येतं.