लिरिक व्हिडिओला बसण्याआधी: माझी तयारी

गाण्याचे शब्द गायकाकडून तपासून घ्या, ऱ्हस्व-दीर्घासकट. हे सांगायला नको.

सगळ्यात आधी फायनल मास्टर हातात घ्या. डेमो नाही, रफ मिक्स नाही, मास्टर. मागच्या वेळी मी ठाण्यातल्या एका मित्राच्या गाण्याचं सगळं टायमिंग डेमोवर बसवलं. डेमो ९२ बीपीएमचा होता, म्हणजे मिनिटाला ९२ ठोके, स्टुडिओत गाणं ९० वर रेकॉर्ड झालं. ध्रुवपदात काही जाणवलं नाही. पण एका मिनिटाला शब्द सव्वा सेकंद आधी यायला लागले आणि पावणेचार मिनिटांच्या गाण्याच्या शेवटी तर पाच सेकंद. सगळा ट्रॅक मागे सरकवून हे सुधारत नाही, कारण फरक ठोक्यागणिक वाढत जातो. चार रात्रींचं काम पुन्हा केलं. म्हणून मास्टर आल्याशिवाय एकही मार्कर टाकू नका.

मग ओळीओळीचा तक्ता करा: शब्द, वेळ, फॉन्ट, मागचं दृश्य. उदाहरणार्थ ही ओळ घ्या: ‘खाडीवरचा वारा माझ्या ओठी मीठ ठेवून गेला’. पडद्यावर ‘खाडीवरचा वारा’ आधी येऊ दे, बाकीची ओळ नंतर. शब्द सुरापेक्षा दोन-तीन फ्रेम आधी दिसायला हवा. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद. ‘वारा’ दोन ठोके लांबवलाय, म्हणजे ९० बीपीएमला सव्वा सेकंदाहून जास्त. तेवढा वेळ तो हलकेच सरकत राहू दे, गायक संपायच्या आत पुसू नका.

आणि अक्षर-अक्षर उडवायचा मोह आवरा! इंग्रजीचे तयार प्रीसेट देवनागरीवर टाकले की ‘माझ्या’ मधला झ्या फुटतो, ‘ओठी’ची वेलांटी एकटीच उडत येते. हलवायचं ते शब्दाने. तरीही जोडाक्षर तुटलं, तर सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांचं टेक्स्ट इंजिन निवडलंय का बघा.

फॉन्ट दोनच. अंतऱ्याला मी तिरो देवनागरी मराठी वापरतो, त्यात ल आणि श आपल्या मराठी वळणाचे आहेत. ध्रुवपदाला जाड बलू. वाऱ्याच्या ओळीला बारीक फॉन्ट नको, खाडीच्या चमकत्या पाण्यावर तो विरघळतो.

दृश्यांसाठी पहाटे ऐरोलीच्या बाजूने ठाण्याची खाडी शूट करा. तलावपाळीचे रात्रीचे दिवे दुसऱ्या अंतऱ्याला. दिव्यांच्या प्रतिबिंबावर अक्षरं वाचता येत नाहीत, दृश्य अर्ध्याने काळोखं करा. फोनचं फुटेज आधी स्थिर २५ फ्रेमला बदला.

एवढं झालं की मास्टर पुन्हा विचारा. ‘फक्त व्होकल थोडा वर घेतलाय’ असं स्टुडिओवाले म्हणाले तरी नवी फाइल मागवून लांबी फ्रेमपर्यंत जुळवा. फाइलच्या नावात ‘फायनल’ आहे यावर जाऊ नका.

रेंडर, फोनवर एकदा आवाज बंद करून वाचन, एकदा आवाजासह. शेवटचा अंतरा नक्की बघा, घसरलेलं टायमिंग तिथेच पकडलं जातं.